बिडाच्या तव्याचं गिऱ्हाईक गुगलवर कुठे अडतं?

पत्र: सांगलीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. सासरे गल्ला बघतात, मी वेबसाइट. वूकॉमर्सवर बिडाचे तवे, लोखंडी कढया, पितळेची भांडी मिळून दीडशे वस्तू आहेत आणि ब्लॉगवर चाळीस लेख. जाहिरात बंद केली की ऑर्डरी बंद. साइटचा पत्ता आणि गुगलवर साइट कशी दिसते ते सांगणाऱ्या सर्च कन्सोलचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. `bidacha tawa` या शोधाला तीन महिन्यांत 2,100 इंप्रेशन म्हणजे पान दिसल्याच्या नोंदी, 14 क्लिक आणि सरासरी क्रमांक 17 दिसतो. एक एजन्सी महिना पंधरा हजारांत दोनशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका, देते म्हणते, शिवाय प्रत्येक कॅटेगरी पानाखाली हजार शब्द लिहा म्हणते. करू का? फुकट येणारं गिऱ्हाईक वाढवायचं तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, एजन्सीला नाही म्हणून टाका. महिन्याला दोनशे लिंका द्यायला कुणाकडे दोनशे चांगल्या साइट नसतात. सोडून दिलेले ब्लॉग, कुणी न उघडणाऱ्या डिरेक्टऱ्या, कुठल्या तरी साइटच्या कॉमेंटा, असा तो माल असतो. क्रमांक वाढवण्यासाठी लिंका विकत घेणं गुगलच्या स्पॅम धोरणात सरळसरळ नियमबाह्य आहे. बहुतेक वेळा गुगल शिक्षाही करत नाही, अशा लिंका मोजतच नाही. म्हणजे पैसे पाण्यात. क्वचित गुगलची माणसं स्वतः तपासून कारवाई करतात, तेव्हा सर्च कन्सोलमध्ये तशी नोटीस येते आणि त्या लिंका निस्तरण्यात महिने जातात. हजार शब्दांचं पुढे बोलू, पण त्याचंही उत्तर नाहीच आहे.

खरा दोष तुमच्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतो. सर्च कन्सोलमध्ये एखाद्या शोधावर क्लिक करून शेजारचा `Pages` टॅब उघडला की त्या शोधाला तुमची कोणकोणती पानं दाखवली गेली ते कळतं. तुमच्याकडे तीन पानं आहेत. 'बिडाच्या तव्याचे 10 फायदे' हा लेख सरासरी पंधराव्या क्रमांकावर आहे, 'बिडाचा तवा का वापरावा?' हा लेख एकोणिसाव्या, आणि 'तवा' ही कॅटेगरी चोविसाव्या. चौदांपैकी बारा क्लिक लेखांना मिळाले. म्हणजे जो माणूस तवा शोधत आला त्याला तुम्ही तव्याचे गुण वाचायला दिले. तव्याचं चित्र, किंमत, माप यातलं काहीच त्याच्या समोर आलं नाही.

एका शोधाला दोन-तीन पानं दिसणं हा काही रोग नाही. दोन्ही पहिल्या पानावर असतील तर उलट चांगलंच. तुमच्याकडे अडचण अशी की तिन्ही पानं तेच सांगतात, तिन्ही अर्धवट आहेत आणि त्यातलं विक्रीचं पान सगळ्यात मागे आहे. कुठलं पुढे करायचं याचा अंदाज गुगलला येत नाही, कारण तो तुम्हीच दिलेला नाही.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, ठरवण्याचं आहे. कुठल्या शोधाला कुठलं पान पुढे यायला हवं? याचं उत्तर गुगलच देतो, विचारण्याची पद्धत सोपी आहे. फोनवर इन्कॉग्निटो खिडकी उघडून तो शोध स्वतः टाका आणि पहिली दहा उत्तरं नीट बघा. दुकानांच्या याद्या दिसत असतील तर शोधणारा खरेदीला निघालाय असं गुगल धरतो. तिथे तुमचं कॅटेगरी पानच टिकेल, लेख कितीही सुंदर असला तरी. लेख आणि व्हिडिओ दिसत असतील तर तिथे कॅटेगरी पान नेणं फुकट आहे. `bidacha tawa`, `bidacha tawa price`, `cast iron dosa tawa 12 inch` हे खरेदीचे शोध. 'बिडाचा तवा सीझनिंग कसं करावं', 'तव्याला डोसा चिकटतो', 'तव्यावरचा गंज कसा काढायचा' हे माहितीचे. सर्च कन्सोलमधले पहिले पन्नास शोध वहीत उतरवून प्रत्येकासमोर 'दुकान' किंवा 'लेख' असं लिहा आणि त्यापुढे एकाच पानाचा पत्ता. एका शोधाला दोन पत्ते येता कामा नयेत. ही वही झाली की निम्मं काम झालं.

आता कॅटेगरी. तुमच्या 'तवा' या एकाच पानावर बिडाचे, पत्र्याचे लोखंडी, नॉनस्टिक असे सव्वीस तवे सरमिसळ लावले आहेत. `bidacha tawa` शोधणाऱ्याला द्यायला तुमच्याकडे पानच नाही. दुकानात तुम्ही गिऱ्हाईकाला सरळ बिडाच्या फळीपाशी नेता, साइटवर ती फळी नाही. 'तवा'खाली 'बिडाचा तवा' ही उपकॅटेगरी काढा. बिडाचे अकरा तवे आहेत, तेवढे पुरेत. पण या आनंदात 'हँडलवाला बिडाचा तवा', 'दहा इंची बिडाचा तवा' अशी पानं काढत सुटू नका. जिथे दोनच वस्तू आहेत आणि लोक तसं शोधतही नाहीत, ते पान गुगल बघून जातो आणि यादीत घेत नाही. सर्च कन्सोलमध्ये ते 'क्रॉल केलं, पण इंडेक्स नाही' या गटात जाऊन पडतं. उपकॅटेगरी काढण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: निवड करायला पुरेसा माल आहे का, आणि त्या नावाने लोक शोधतात का. दोन्हींचं उत्तर हो असेल तरच काढा.

जुन्या 'तवा' पानाचा पत्ता मात्र बदलू नका. लेखाचा स्लग, म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा, बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप पाठवतं. कॅटेगरीचा बदलला तर तसं करत नाही, जुना पत्ता मरतो. बऱ्याच दुकानदारांची कमाई या एका 'जरा पत्ता छान करू' मध्ये जाते.

टायटल हे त्या पानावरचं सगळ्यात कामाचं वाक्य. तुमचं सध्याचं टायटल 'तवा Archives' असं आहे. हा एसईओ प्लगइनचा आयता साचा आहे, तो कुणी बदललेलाच नाही. तुमची गिऱ्हाइकं तीन प्रकारे टाइप करतात: देवनागरीत, रोमन अक्षरांत मराठी, आणि इंग्रजीत. गुगल या तिघांचा संबंध काही प्रमाणात ओळखतो, पण पानावर ते शब्द असले तर काम सोपं होतं. नव्या उपकॅटेगरीसाठी असं करून बघा:

```
बिडाचा तवा – Bidacha Tawa, Cast Iron, 10 ते 12 इंच | दुकानाचं नाव
```

प्रत्येक रूप एकदाच. तेच पाच वेळा लिहिलं तर वाचणारा पुढे जातो आणि गुगल स्वतःच्या मनाने दुसरंच टायटल दाखवतो. 2021 पासून तो हे बरंच करतो. मेटा कीवर्डचा रकाना सोडून द्या. 2009 सालीच गुगलने जाहीर केलंय की क्रमांकासाठी आपण तो बघत नाही. मेटा वर्णनानेही क्रमांक वाढत नाही, पण तेच वाचून माणूस क्लिक करतो की नाही ते ठरतं. म्हणून त्यात किंमत कुठून सुरू होते, पोचायला किती दिवस लागतात आणि बीड वाटेत तडकलं तर बदलून देता का, हे लिहा. तुम्ही बदलून देता हे मी वस्तूच्या पानावर अगदी तळाशी वाचलं. एवढी मोठी गोष्ट तुम्ही लपवून ठेवली आहे.

पानावर मजकूर किती हवा? वर दोन-तीन वाक्यं, खाली माल, आणि मालाच्या खाली चार-पाच प्रश्नांची उत्तरं. बस. हजार शब्दांच्या सल्ल्यातली मेख अशी की कॅटेगरी पानाखाली तव्याचा इतिहास आणि आरोग्याचे फायदे लिहिले की ते पान पुन्हा लेखासारखं दिसायला लागतं. हे पान विकायला आहे की वाचायला, असा घोळ मोठ्या मजकुराने होतो हे गुगलच्या जॉन म्युलर यांनीही जाहीरपणे सांगितलं आहे. आत्ताच आपण ज्या आजाराला औषध शोधतोय, तोच आजार एजन्सी तुम्हाला पंधरा हजारांत विकते आहे.

वरच्या वाक्यांत निवड करायला मदत होईल असंच लिहा. तुमच्या पानासाठी मी असं लिहीन: 'दोन-तीन माणसांच्या घराला दहा इंची तवा पुरतो, डोसे मोठे हवे असतील तर बारा इंची घ्या, पण तो दोन-तीन किलोपर्यंत भरतो, उचलून बघितल्यासारखं वजन वाचून घ्या. इंडक्शनवर वापरायचा असेल तर बूड सपाट असलेलाच निवडा. यातले सहा तवे सीझनिंग करून येतात, पाच घरी करावे लागतात.' यात बिडाचा तवा हा शब्द घुसडलेला नाही, तरी पान कशाचं आहे याबद्दल शंका उरत नाही. खालचे प्रश्न गल्ल्यावर बसलेल्या सासऱ्यांना विचारा. बीड आणि साधा लोखंडी तवा यात फरक काय? बीड ओतीव असतं, जाड असतं, उष्णता धरून ठेवतं, पण पडलं की तडकतं. पत्र्याचा तवा पडला तर फार तर वाकतो. गरम तवा नळाखाली धरला तर चालतं का? नाही, तडा जाऊ शकतो. भाकरीचं पाणी लागून गंज येतो का? तवा पुसून कोरडा केला आणि तेलाचा हात फिरवला तर नाही. प्रत्येक उत्तर दोन ओळींचं. लांब सांगायचं असेल ते लेखात जाईल आणि इथून त्या लेखाची लिंक.

आता त्या दोन लेखांचं काय करायचं? पुसू नका. बारा क्लिक का होईना, त्यांना येतात. 'फायदे'वाला लेख ठेवा आणि त्यात दुसऱ्यातले बरे परिच्छेद आणा. त्याचं नाव 'बिडाचा तवा: फायदे आणि तोटे' करा. तोटे लिहायचेच, कारण 'बिडाच्या तव्याचे 10 फायदे' असे लेख हव्या तेवढ्या साइटवर आहेत आणि वजन, गंज, चिंच-टोमॅटोने थर उतरणं याबद्दल खरं लिहिणारे थोडे. (त्या लेखातला 'ॲनिमिया बरा होतो' हा दावा आजच काढा. लोखंडी भांड्यात, विशेषतः आंबट पदार्थ शिजवताना, थोडं लोह अन्नात उतरतं एवढंच म्हणा.) मग रिकामा झालेला लेख नव्याकडे कायमचा वळवा. रीडायरेक्शनचं प्लगइन असेल तर त्यातून, नाहीतर होस्टिंगच्या `.htaccess` मध्ये:

```
Redirect 301 /bidacha-tawa-ka-vaparava/ /bidacha-tawa-fayde/
```

वळवायचं ते त्याच विषयाच्या पानाकडे. आळस म्हणून सगळं मुखपृष्ठाकडे वळवलं तर जुनं पान मेलं असंच गुगल धरतो आणि त्याची कमाई कुणालाच मिळत नाही.

ठेवलेल्या लेखातून उपकॅटेगरीकडे लिंक द्यायची, आणि लिंकेचे शब्द 'बिडाचे तवे' असेच हवेत. तुमच्या चाळीस लेखांत लिंका आहेत, पण सगळ्या 'इथे क्लिक करा' किंवा 'आमचं दुकान बघा' अशा आणि सगळ्या मुखपृष्ठावर जातात. गुगल दोन पानांचं नातं लिंकेतल्या शब्दांवरून वाचतो. चाळीसपैकी तव्याशी संबंधित नऊ लेख मी मोजले. नऊ लेखांतून, वाक्यात जिथे ओघाने येईल तिथे, एकेक लिंक उपकॅटेगरीला द्या. वरच्या मेन्यूतही 'तवा'खाली ती दिसू दे. बाहेरच्या दोनशे लिंकांपेक्षा या नऊ तुमच्या हातातल्या आहेत, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

यानंतर एक तांत्रिक तपासणी, जी तुमच्या थीममुळे गरजेची आहे. कॅटेगरी पानावर बारा वस्तूंनंतर 'आणखी दाखवा' असं बटण येतं. गुगलचा बॉट बटण दाबत नाही. `href` असलेली खरी लिंक असेल तरच तो पुढे जातो. म्हणजे सव्वीसपैकी चौदा तव्यांपर्यंत कॅटेगरीतून जायची वाटच त्याला नाही, ते फक्त साइटमॅपमुळे, म्हणजे गुगलला दिलेल्या पत्त्यांच्या यादीमुळे सापडतात. थीमच्या सेटिंगमध्ये बटणाऐवजी आकड्यांची पानं निवडा. मग दुसऱ्या पानाचा सोर्स उघडून हे बघा:

```
<link rel="canonical" href="https://example.com/product-category/tawa/page/2/" />
```

कॅनॉनिकल म्हणजे 'या मजकुराचा मुख्य पत्ता हा' असं गुगलला सांगणारी ओळ. दुसऱ्या पानाचं कॅनॉनिकल त्याच्या स्वतःच्याच पत्त्याकडे हवं. काही प्लगइन ते पहिल्या पानाकडे लावतात, मग दुसऱ्या पानावरचा माल पुन्हा आडोशाला जातो. फिल्टरचं उलटं आहे. `?orderby=price` किंवा `?filter_size=12-inch` अशा पत्त्यांचं कॅनॉनिकल मूळ कॅटेगरीकडेच हवं, नाहीतर तोच माल शंभर पत्त्यांवर दिसतो. हे पत्ते `robots.txt` ने, म्हणजे बॉटला कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलने, अडवा असं कुणी सांगेल. दीडशे वस्तूंच्या दुकानाला त्याची गरज नाही, आणि अडवलेल्या पानावरचं कॅनॉनिकल किंवा नोइंडेक्स, म्हणजे 'यादीत घेऊ नको' ही सूचना, गुगलला वाचताच येत नाही.

ब्लॉगबद्दल. उरलेल्या लेखांतले बरेचसे कुणासाठीच लिहिलेले नाहीत. 'आधुनिक स्वयंपाकघर सजवण्याच्या कल्पना' हा लेख सोळा महिन्यांत एकही क्लिक न घेता बसलाय. (सर्च कन्सोल मागचे सोळाच महिने दाखवतं, म्हणजे कदाचित त्याआधीही नसेल.) नवे विषय शोधायला कुठलंही महागडं साधन नको. दुकानाचं व्हॉट्सॲप उघडा. तवा घेऊन गेलेली माणसं आठवड्याभरात काय विचारतात? 'चिकट थर आलाय', 'पहिल्याच दिवशी डोसा फाटला', 'काळं निघतंय, खाऊ का?' यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक लेख, आणि तो प्रश्न दुसऱ्या शहरातला माणूस याच शब्दांत गुगलला विचारतो.

सीझनिंगचा तुमचा लेख मी वाचला. 'तवा तेल लावून गरम करा' एवढ्यावर तो संपतो. तोच पुन्हा लिहा, नवा पत्ता न करता. लोक चुकतात ती जागा तेलाच्या प्रमाणात आहे. तेल लावून झाल्यावर ते सगळं पुसून काढल्यासारखं कोरड्या फडक्याने पुसायचं, उरेल तेवढाच थर पुरे. जास्त राहिलं की तो थर पक्का होत नाही, बोटाला चिकटतो. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवायचं, निववायचं, पुन्हा तेच तीन-चारदा. पहिले काही दिवस आंबट काही घालायचं नाही, कांदा परतायचा, तेलाचं धिरडं घालायचं. दुकानातलाच एक तवा घ्या आणि पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या थरानंतरचा फोटो काढा. चिकट थराचाही फोटो हवा आणि तो कसा उतरवायचा तेही. हे फोटो दुसऱ्या कुठल्याही साइटवर नसतील, आणि वाचणारा आपला तवा त्यांच्याशी ताडून बघत बसेल. लेखात जिथे 'सीझनिंगची कटकट नको असेल तर' असं येतं, तिथेच सीझनिंग करून मिळणाऱ्या तव्यांची लिंक द्या. मजकूर न बदलता नुसती तारीख नवी करायची शक्कल मात्र नको.

आता हिशेब, कारण हे न सांगता सल्ला दिला तर फसवणूक होईल. 2,100 इंप्रेशन म्हणजे महिन्याला सातशे. पहिल्या पानावर येऊन दहांतल्या एकाने क्लिक केलं असं धरलं तर महिन्याला सत्तर माणसं, आणि शंभरात दोघांनी घेतलं असं धरलं तर एक-दोन तवे. एवढ्याने जाहिरात बंद होणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. सतराव्या क्रमांकावरच्या पानाचं इंप्रेशन तेव्हाच मोजलं जातं, जेव्हा माणूस दुसऱ्या पानापर्यंत जातो. फार थोडे जातात. म्हणजे प्रत्यक्षात शोधणारे सातशेहून पुष्कळ जास्त आहेत. दुसरं, तुमच्या वहीत असे पंधरा-वीस 'दुकान' शोध निघतील: बिडाची कढई, बिडाचं आप्पेपात्र, पितळी परात, लोखंडी फोडणीपात्र. प्रत्येक छोटा, पण सगळे मिळून महिन्याला बरीच गिऱ्हाइकं होतात. `cast iron tawa` या उघड्या इंग्रजी शोधावर मात्र वेळ घालवू नका. तिथे मोठ्या बाजारपेठा आणि मोठे ब्रँड ठाण मांडून आहेत.

वाट किती बघायची? बदल केल्यावर सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत नव्या उपकॅटेगरीचा पत्ता टाका आणि इंडेक्स करायची विनंती करा. वहीत तारीख लिहा. काही आठवडे हात लावू नका. दर चार दिवसांनी टायटल बदलणाऱ्याला काय चाललं ते कधीच कळत नाही. मग त्याच शोधावर क्लिक करून पुन्हा `Pages` टॅब बघा. उपकॅटेगरी यादीत वर आली आणि लेख खाली गेला, तर क्लिक वाढायच्या आधीच समजा की बरोबर चाललंय. उपकॅटेगरी दिसतच नसेल तर ती इंडेक्स झाली का आणि तिचं कॅनॉनिकल चुकून 'तवा'कडे लागलंय का ते बघा. क्रमांक आठ-नऊ झाला आणि तरी क्लिक येत नसतील तर दोष टायटल आणि वर्णनात आहे, पानात नाही. आणि दोन्ही पानं एकदम घसरली तर आधी रीडायरेक्ट तपासा. बहुतेक वेळा ते चुकीच्या पत्त्यावर गेलेलं असतं.

तुलना करताना मागच्या महिन्याशी करू नका. भांड्यांचा धंदा धनत्रयोदशीला उसळतो आणि पौषात पडतो, त्यामुळे ऑक्टोबरात सगळ्यांचाच एसईओ चांगला दिसतो. मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी ताडून बघा, आणि तिथेही तारीख नाही तर तिथी जुळवा, कारण दिवाळी पुढेमागे सरकते.

धनत्रयोदशीवरून एक शेवटचं. तुम्ही दरवर्षी `/dhanteras-2023/`, `/dhanteras-2024/` अशी नवी पानं काढता आणि सण झाला की पुसून टाकता. एकच पान ठेवा, `/dhanteras-bhandi/`, वर्षाशिवाय. जुनी त्याच्याकडे वळवा. सण संपला की माल काढा, पण पान राहू द्या आणि त्यावर पुढच्या वर्षीची तारीख टाका. पुढच्या वर्षी गणपती बसायच्या आधी त्यात नवा माल भरा. आठ दिवस आधी भरलेलं पान गुगलला दिवाळीनंतर सापडतं.